अनोळखी उमेदवाराला पहिला मेसेज: इमोजी, लघुरूपे आणि व्हॉइस नोट

प्रश्न: आमच्या लहान कारखान्यासाठी मी स्वतःच माणसे शोधतो. कुठून नंबर मिळाला की थेट मेसेज टाकतो, पण बहुतेकांचे उत्तरच येत नाही. माझा पुतण्या म्हणतो की इमोजी घाला, थोडक्यात लिहा, नाहीतर सरळ व्हॉइस नोट पाठवा, त्याने आपलेपणा वाटतो. अगदी अनोळखी माणसाला पहिल्याच मेसेजमध्ये हे चालते का?

उत्तर:

व्हॉइस नोट पाठवू नये, भरतीच्या कामातली लघुरूपे वापरू नयेत आणि इमोजी टाळलेले बरे. हा क्रम मी मुद्दाम असा लावला आहे, कारण तिन्हींचे नुकसान सारखे नसते. वाद सर्वांत जास्त इमोजीवर होतो. पण सोळा वर्षे भरतीचे काम केल्यानंतर माझा अनुभव असा आहे की इमोजीमुळे हातचा गेलेला उमेदवार क्वचित सापडतो, आणि लघुरूपांमुळे किंवा व्हॉइस नोटमुळे गप्प बसलेले मात्र बरेच असतात.

या तिन्ही गोष्टींचा अर्थ मजकुरात नसतो, तो आधीच्या ओळखीत असतो. भावाने नुसता अंगठा पाठवला तरी तो काय म्हणतो आहे हे कळते, कारण त्याची बोलण्याची पद्धत आपल्याला ठाऊक असते. सहकाऱ्याने तीन अक्षरांत लिहिलेले समजते, कारण आपण दोघे एकाच कामात असतो. अनोळखी उमेदवाराजवळ यातले काहीच नसते. त्याच्या मनात तीनच प्रश्न असतात: हा माणूस कोण, त्याने मलाच का लिहिले, आणि हे खरे आहे याची खात्री मी कशी करायची. पहिल्या मेसेजातली प्रत्येक ओळ या तिघांपैकी एकाचे उत्तर देत असेल तरच ती तिथे असावी.

एक प्रत्यक्ष घडलेला प्रसंग सांगतो. माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या एका तरुण सहकाऱ्याला बाटल्या भरणाऱ्या कारखान्यासाठी देखभाल पर्यवेक्षक शोधायचा होता. त्याने निवडलेली माणसे योग्य होती, सगळी कुठे ना कुठे नोकरीत होती, आणि सगळ्यांना त्याने हा मजकूर पाठवला होता:

"हाय 👋 अर्जंट रिक्वा.!! 🚀 मेंट. सुप., 5+ वर्षे, पीएम मस्ट, 6 डेज, एनपी मॅक्स 30, गुड सॅल 💰 सीव्ही पाठवा एएसएपी 🙏 जेडीसाठी डीएम"

दोन दिवस उत्तर आले नाही, तेव्हा त्याने त्याच लोकांना जवळपास दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. त्यानंतर एका उमेदवाराचा मला फोन आला आणि तो रागावलेला होता, कारण त्याने ती नोट कामाच्या जागी, यंत्रापाशी उभे राहून सुरू केली होती आणि "आपल्याला नवीन नोकरीची संधी" हे शब्द शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनी ऐकले होते. त्या माणसाला नोकरी बदलायचीही नव्हती, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या वरिष्ठांनी त्याला बोलावून विचारलेच. चूक सर्वस्वी आमची होती.

आधी त्या मजकुरातली लघुरूपे पाहू. ती दोन जातींची आहेत. "रिक्वा." आणि "सॅल" ही घाईची लघुरूपे आहेत, त्यांनी अर्थ फारसा झाकला जात नाही, पण समोरच्याला असे दिसते की याने माझ्यासाठी पूर्ण शब्द लिहिण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. स्टॅनफर्ड आणि टोरांटो विद्यापीठांतील संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठ प्रयोगांच्या अभ्यासात हेच दिसले: संदेशात लघुरूपे वापरणारा माणूस वाचणाऱ्याला कमी मनापासून लिहिणारा वाटतो, आणि अशा संदेशाला उत्तर देण्याची इच्छा कमी होते. लघुरूपांनी जवळीक वाटते, हा आपल्या पुतण्याचा समज या निष्कर्षाशी जुळत नाही. आपण थोडक्यात लिहिणे आणि तोडून लिहिणे यांत गल्लत करतो. थोडक्यात लिहायचे म्हणजे कमी गोष्टी सांगायच्या, पण ज्या सांगायच्या त्या पूर्ण शब्दांत.

दुसरी जात अधिक घातक आहे, आणि ती म्हणजे भरती करणाऱ्यांची आपसातली भाषा. "एनपी" म्हणजे नोटिस पिरियड, "जेडी" म्हणजे कामाचे वर्णन, हे आम्हाला दिवसातून शंभर वेळा लिहावे लागते म्हणून आम्ही ते तोडले. देखभालीचे काम करणारा माणूस ते पाच वर्षांतून एखाद्या वेळी वाचतो. त्याहून वाईट अवस्था "पीएम" या दोन अक्षरांची होती. माझ्या सहकाऱ्याच्या डोक्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा अनुभव होता; पण यंत्रांच्या देखभालीत "पीएम" म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने करायची देखभाल. वाचणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला असणार, आणि देखभाल पर्यवेक्षकाला "ती आलीच पाहिजे" असे सांगणे म्हणजे स्वयंपाक्याला चूल पेटवता येते का असे विचारण्यासारखे झाले. ज्याला काम येते त्याला अशा ओळीवरूनच कळते की लिहिणाऱ्याला कामातले काही कळत नाही.

म्हणून मी एकच नियम पाळतो: जे लघुरूप उमेदवाराने स्वतःच्या माहितीत स्वतः लिहिले आहे ते वापरायला हरकत नाही, आणि जे माझ्या टेबलावरचे आहे ते पूर्ण लिहायचे. त्या उमेदवाराने आपल्या प्रोफाइलमध्ये "पीएलसी" लिहिले असेल, तर त्याला "प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर" असे लांबलचक लिहून पाठवणे उलट परकेपणाचे वाटते. "श्री." किंवा "डॉ." यांसारखी रुळलेली रूपे तर कुणालाच खटकत नाहीत.

लघुरूपांचा आणखी एक तोटा लिहिणाऱ्यालाच होतो, आणि तो मला त्या मजकुराची दुरुस्ती करताना कळला. "एनपी मॅक्स 30" याचा पूर्ण अर्थ लिहायला बसल्यावर मी विचारले की तीस दिवसांत रुजू व्हायला हवे ही अट कुणाची आहे. सहकाऱ्याला सांगता येईना. ती त्याने आधीच्या एका भरतीच्या मजकुरातून उचलली होती. कारखान्याकडे विचारणा केली तेव्हा ते 60 दिवस थांबायला तयार निघाले. म्हणजे ज्यांना राजीनाम्यानंतर दोन महिने थांबणे भाग होते अशा चांगल्या माणसांना आम्ही तीन शब्दांनी दारातूनच परत पाठवले होते, आणि वाक्य पूर्ण लिहिले असते तर पाठवण्याआधीच प्रश्न पडला असता.

आता इमोजी. त्या मजकुरातला प्रत्येक इमोजी काढून पाहा आणि त्याच्या जागी कोणती माहिती यायला हवी होती ते विचारा. रॉकेटच्या जागी घाई कशासाठी आहे हे यायला हवे होते, पैशांच्या पिशवीच्या जागी पगाराचा आकडा, आणि जोडलेल्या हातांच्या जागी मी आपल्यालाच का लिहितो आहे याचे कारण. पहिल्या मेसेजातले इमोजी बहुधा असेच असतात. सांगायला हवे पण सांगायचे नाही किंवा ठाऊक नाही, तिथे ते चिकटवलेले असतात. फसव्या नोकऱ्यांचे संदेशही नेमके याच पद्धतीने लिहिलेले असतात, नाव नाही, आकडा नाही, घाई मात्र मोठी, आणि त्यामुळे प्रामाणिक माणसाचा मजकूरही त्यांच्यासारखा दिसू लागतो.

बिनशब्दांच्या आपलेपणाचाही अभ्यास झाला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधनात, कामासंबंधीच्या पहिल्या ईमेलमध्ये हसरा चेहरा घातला तर लिहिणारा अधिक प्रेमळ वाटतो का, हे तपासले होते. तो तसा वाटला नाही, उलट कमी सक्षम वाटला, आणि वाचणाऱ्यांनी त्याला उत्तरात माहितीही कमी दिली. अनौपचारिक विषय असला की हा परिणाम राहत नाही, हेही त्याच संशोधनात दिसले. ते प्रयोग भरतीच्या मेसेजवर केलेले नव्हते, त्यामुळे मी त्यांच्यावर फार भार टाकणार नाही. पण अनोळखी माणूस, पहिला संपर्क आणि कामाचा विषय या तिन्ही गोष्टी आपल्या प्रश्नाशी जुळतात.

शिवाय आपण पाठवलेले चित्र आणि त्याला दिसणारे चित्र एकच असेल असे नाही. इमोजी हे यूनिकोड या अक्षरचिन्हांच्या जागतिक मानकातले वर्ण आहेत, 2010 पासून ते त्या मानकात आहेत, आणि मानक फक्त क्रमांक आणि नाव ठरवते. चित्र प्रत्येक कंपनी आपापले काढते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले की एकाच हसऱ्या चेहऱ्याची वेगवेगळ्या फोनवरील रूपे पाहून लोक त्याचा भाव वेगवेगळा सांगतात, काही रूपांत तर हसू की कण्हणे असा प्रश्न पडे. चित्रे आता पुष्कळ जवळ आली आहेत, पण अर्थ तितके जवळ आलेले नाहीत. 🙏 हे कुणाला नमस्कार वाटते, कुणाला विनवणी आणि कुणाला आभार, आणि भरती करणाऱ्याने पहिल्याच ओळीत विनवणी करणे शोभत नाही.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात 2023 मध्ये एका न्यायालयाने अंगठ्याचा इमोजी हा जवसाच्या खरेदी कराराला दिलेला होकार मानला, तो निकाल पुष्कळांनी इमोजीच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितला. पण त्या दोन पक्षांमध्ये आधीचे व्यवहार झालेले होते आणि त्या वेळी "ठीक", "बरं" अशा एका शब्दाच्या उत्तरांवर करार पक्के झाले होते. अंगठ्याला अर्थ आला तो त्या जुन्या ओळखीमुळे, आणि आपल्या उमेदवाराशी आपली तीच नसते.

दोन तांत्रिक गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर इमोजीचे नाव उच्चारतो, त्यामुळे तीन रॉकेटे ओळीने टाकली तर त्याला "रॉकेट, रॉकेट, रॉकेट" असे ऐकावे लागते आणि मग कामाची गोष्ट येते. दुसरी गोष्ट साध्या एसएमएसची आहे. रोमन लिपीतला एसएमएस 160 वर्णांचा असतो, पण त्यात एक जरी इमोजी आला तरी संपूर्ण संदेशाची सांकेतिक पद्धत बदलते आणि मर्यादा 70 वर येते. समजा 150 वर्णांचा मजकूर एका संदेशात बसत होता. इमोजी दोन वर्णांची जागा घेतो, एकूण 152 होतात, आणि जोडलेल्या संदेशात प्रत्येक तुकड्यात 67 च बसतात, म्हणून एका हसऱ्या चेहऱ्यापायी एकाचे तीन तुकडे होतात आणि एकगठ्ठा एसएमएस पाठवणारी सेवा पैसेही तिपटीने लावते. देवनागरी एसएमएसची मर्यादा मुळातच 70 असते, तिथे हा फरक पडत नाही.

व्हॉइस नोटकडे वळतो. तिच्या बाजूने जे सांगितले जाते ते खोटे नाही: आवाजातून माणूस कळतो. पण तो ओळखीच्या माणसाला अधिक कळतो, आणि अनोळखी माणसाला मुळात तो आवाज ऐकायचा की नाही हेच ठरवायचे असते. मेसेज वरवर चाळून दोन सेकंदांत निर्णय घेता येतो. व्हॉइस नोट चाळता येत नाही, ती पहिल्यापासून ऐकावीच लागते. आमच्या सहकाऱ्याने जवळपास दोन मिनिटांत जे सांगितले ते पुढे मी लिहिलेल्या मजकुरात मिनिटभरात वाचून होते. लिंक्डइनने 2018 मध्ये व्हॉइस मेसेज सुरू केले तेव्हा एकाला एक मिनिटाची मर्यादा घातली होती, आणि पहिल्या संपर्कासाठी माझ्या मते तीही लांब आहे.

वेळेपेक्षा मोठी अडचण खात्री करण्याची आहे. उमेदवाराला कंपनीचे नाव संकेतस्थळावर शोधायचे असते, आणि बोललेल्या नावाचे नेमके लेखन त्याला कळत नाही. पगाराचा आकडा, पाळ्यांची वेळ, मुलाखतीचा दिवस हे सारे आवाजात गुंतून पडते. आठवड्याने ते पुन्हा पाहायचे तर शोधचौकटीत शब्द टाकून नोट सापडत नाही. घरच्यांशी किंवा एखाद्या जाणत्या मित्राशी सल्लामसलत करायची तर ती नोट जशीच्या तशी पुढे पाठवावी लागते. व्हॉट्सॲपने 2024 च्या अखेरीस व्हॉइस नोट मजकुरात उतरवण्याची सोय जाहीर केली, पण ती ऐकणाऱ्याने स्वतः सुरू करावी लागते आणि ती सगळ्या भाषांसाठी नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबून बोलत सुटू नये. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तर नोट म्हणजे कोरा कागद. आणि कामाच्या जागी ती मोठ्याने वाजण्याचा धोका वर सांगितलाच आहे. नोकरीत असलेल्या माणसाच्या बाबतीत एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

एक खरा अपवाद मात्र मानला पाहिजे. काही कामांत उत्तम कारागीर असलेल्या माणसाला वाचण्याची सवय नसते, किंवा आपण लिहितो ती लिपी त्याला सरावाची नसते. तिथे लेखी मजकूर हाच अडथळा ठरतो. अशा वेळी आधी दोन ओळींत आपले नाव, कंपनीचे नाव आणि "बोलायचे आहे, आवाजात पाठवू का?" एवढे लिहावे, आणि होकार आल्यावर अर्ध्या मिनिटाची नोट पाठवावी. परवानगी घेतली की तो माणूस ती आपल्या सवडीने, बाजूला जाऊन ऐकतो.

त्या देखभाल पर्यवेक्षकासाठी आम्ही शेवटी जो मजकूर वापरला तो असा होता. नावे आणि पगाराचे आकडे मी गाळले आहेत:

"नमस्कार. मी (पूर्ण नाव), (कंपनीचे नाव) येथे देखभाल विभागाची भरती पाहतो. आपल्या कामाविषयी एक विचारणा करायची आहे.

बाटल्या भरण्याच्या स्वयंचलित यंत्रांवर आपण केलेल्या कामाविषयी मी आपल्या प्रोफाइलमध्ये वाचले. आमच्याकडे अशी तीन यंत्रे आहेत आणि त्यांच्या देखभालीसाठी पर्यवेक्षकाची एक जागा भरायची आहे. काम कारखान्यातच, आठवड्याचे सहा दिवस आणि फिरत्या पाळ्यांमध्ये आहे. मासिक पगार (इतका) ते (इतका) यांच्या दरम्यान ठरेल. राजीनाम्यानंतर आपल्याला थांबावे लागत असेल, तर आम्ही 60 दिवसांपर्यंत वाट पाहू.

आमच्या संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकावर फोन करून माझे नाव विचारल्यास खात्री करता येईल. इच्छा असल्यास सोयीची वेळ कळवावी, तेव्हा मी फोन करेन. इच्छा नसल्यास 'नको' एवढे पुरे, मी पुन्हा लिहिणार नाही."

पहिल्या ओळीत "नोकरी" हा शब्द मुद्दाम नाही. फोन लॉक असतानाही पडद्यावर मेसेजची सुरुवात दिसते आणि फोन टेबलावर पडलेला असू शकतो. नाव आणि कंपनी दिसली पाहिजे, पण बाकीचे त्याने उघडल्यावरच दिसावे. कंपनीचे नावही शेजाऱ्याला पुरेसे सांगून जाईल अशी शंका असेल, म्हणजे उदाहरणार्थ ती थेट प्रतिस्पर्धी असेल, तर पहिल्या ओळीत नुसते स्वतःचे नाव घालून कंपनी दुसऱ्या परिच्छेदात सांगावी. खात्रीसाठी मी स्वतःचा नंबर देत नाही, संकेतस्थळावरचा देतो, कारण ज्याच्यावर संशय आहे त्यालाच फोन करून संशय फिटत नसतो. आणि "नको" लिहिण्याची मोकळीक दिल्यावर खरोखरच पुन्हा लिहायचे नाही.

मजकूर सुधारला की नाही हे उत्तरांच्या संख्येपेक्षा उत्तरांच्या प्रकारावरून लवकर कळते. "कोण आपण?" असे उत्तर येत असेल तर ओळखीची ओळ कच्ची आहे. "डिटेल पाठवा" असे येत असेल तर माहिती लघुरूपांत किंवा इमोजींत अडकलेली आहे. "कशावरून?" किंवा "पैसे भरावे लागतात का?" असे विचारले गेले तर मजकूर फसव्या संदेशांसारखा दिसतो आहे. सरळ "नको, आत्ता बदलायचे नाही" असे उत्तर आले तर मजकुराने आपले काम केले; त्या माणसाने वाचले, समजून घेतले आणि ठरवले, आणि वर्षभराने तोच स्वतःहून विचारणा करतो असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

उमेदवाराने उत्तरात स्वतः हसरा चेहरा पाठवला, तर पुढच्या मेसेजात आपणही एखादा पाठवायला माझी हरकत नाही. नुसता 👍 आला तर मात्र तो होकार समजून पुढचे काही ठरवू नये, "गुरुवारी सकाळी 11 वाजता फोन केला तर चालेल का?" असे लिहून शब्दांत उत्तर मागावे.